टोमॅटोच्या राशीला कोथिंबिरीची किनार

भाजीच्या गाळ्यावर लाल टोमॅटोच्या राशीला कोथिंबिरीच्या जुड्यांची किनार असली, की तो टोमॅटो लांबूनच नजरेत भरतो. एरवी तोच माल गाजराशेजारी ठेवला तर काहीसा मळकट, जांभळटपणाकडे झुकलेला दिसतो. टोमॅटो तोच, ऊनही तेच. बदलला आहे तो फक्त शेजार. भाजी मांडणाऱ्या बायकांना हे सरावाने ठाऊक असतं, त्यासाठी रंगचक्र कुणी पाठ करत नाही. पण सराव कुठे लागू पडतो आणि कुठे फसतो हे समजायचं असेल तर त्यामागचं कारण पाहावं लागतं. ‘विरोधी रंग शेजारी ठेवा, गिऱ्हाईक येईल’ एवढा ढोबळ नियम गाळ्यावर फारसा टिकत नाही. या मांडणीत खरं काम करते ती दोन रंगांमधली सीमारेषा, आणि ती कुठे आखायची हेच कसब आहे.

हे कारण पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते पॅरिसमध्ये, गालिचे आणि भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या गोब्लँ कारखान्यात. मिशेल शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये तिथल्या रंगाईखात्याचा प्रमुख झाला. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली होती. त्याने तपासलं तर रंगात खोट निघाली नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो काळा निस्तेज भासत होता. डोळा शेजारच्या रंगाचा विरोधी रंग आपणहून या रंगावर चढवतो, असा निष्कर्ष त्याने काढला आणि १८३९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात बागेतल्या फुलझाडांच्या मांडणीचाही विचार आहे. भाजीला हाच न्याय लावला तर असं होतं: हिरव्याशेजारी असलेल्या टोमॅटोवर लालीची भर पडते आणि टोमॅटोशेजारची कोथिंबीर जास्त हिरवी दिसते. दोघांचाही फायदा. गाजर मात्र टोमॅटोचा जवळचा नातलग, म्हणून दोघे एकमेकांना ढकलतात. गाजर पिवळ्याकडे जातं, टोमॅटो जांभळ्याकडे.

आता एक साधा गाळा घेऊ. त्यावर टोमॅटो, भरताची वांगी, लिंबं, गाजरं, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर आणि बीट आहे. टोमॅटोची रास मोठी आणि सलग ठेवावी, तिच्या पुढच्या व एका बाजूच्या कडेला कोथिंबीर, तीही वीतभर रुंदीची. अर्धी जागा लाल आणि अर्धी हिरवी अशी बरोबरीची वाटणी केली तर दोन्ही रंग एकमेकांशी भांडतात आणि नजर कुठेच ठरत नाही. लिंबांना वांग्यांचा शेजार द्यावा: पिवळा आणि जांभळा ही विरोधी जोडी तर आहेच, शिवाय एक उजळ आणि दुसरा गडद, त्यामुळे ती सगळ्यात लांबून ओळखू येते. गाजराची मात्र पंचाईत आहे. नारिंगीला निळा जोडीदार हवा आणि भाजीत निळं असं जवळजवळ काही नसतंच. म्हणून ते काम निळ्या क्रेटने किंवा खाली अंथरलेल्या निळ्या कापडाने करून घ्यावं लागतं. संत्र्यांच्या राशीखालीही निळं कापड शोभतं ते याच कारणाने. पण तीच निळी ताडपत्री छत म्हणून वर बांधली की सगळा खेळ उलटतो, कारण आता उजेडच निळा होऊन येतो: टोमॅटो काळवंडतात, गाजरं मरगळलेली दिसतात. अंथरलेला निळा रंग शेजारी असतो, छताचा निळा रंग थेट मालावर पडतो.

इथे एक रास्त शंका येते. संत्री नारिंगी जाळीच्या पिशवीत भरून विकतात, मग ती जास्तच नारिंगी कशी दिसतात? विरोधाचा नियम खरा असता तर जाळी निळी हवी होती. उत्तर धाग्याच्या बारीकपणात आहे. रंगाचे पट्टे रुंद असतात तेव्हा डोळा त्यांच्यातला फरक वाढवतो. ते अगदी बारीक झाले की तो दोन्ही रंग एकमेकांत मिसळून पाहतो. विल्हेल्म फॉन बेझोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये रंगांवरच्या पुस्तकात हा दुसरा परिणाम नोंदवला. म्हणजे जाळीने नियम मोडत नाही, त्याची हद्द कळते. गाळ्यावर याचा अर्थ सरळ आहे. टोमॅटोत मधेमधे कोथिंबिरीच्या काड्या खोचून ठेवल्या तर दुरून लाली वाढत नाही, उलट रास मळकी दिसते. मिसळ नको, किनार हवी.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: गिऱ्हाईक भाव आणि ताजेपणा पाहतं, रंगसंगती नव्हे. खरं आहे, पण ताजेपणा आधी पाहायचा तो रंगातच. हात नंतर लागतो. वांग्याचं देठ हिरवं आहे का, मेथी पिवळी पडली आहे का, हे दोन पावलांवरूनच जोखलं जातं. म्हणून चुकीचा शेजार चांगल्या मालालाही महागात पडतो. जांभळ्याशेजारी हिरवा रंग पिवळ्याकडे सरकतो, त्यामुळे ताजी मेथी वांग्याला किंवा बिटाला चिकटून ठेवली तर शिळी भासू शकते. त्यांच्या मधे फ्लॉवर ठेवावा. पांढऱ्याचा दुसराही उपयोग आहे. टोमॅटो आणि गडद पालक रंगाने विरोधी असले तरी उजळपणात जवळजवळ सारखे असतात; लाल-हिरवा भेद ज्यांना नीट दिसत नाही त्यांना, आणि दिवेलागणीच्या मंद उजेडात सगळ्यांनाच, ती सीमा पुसट होते. तपासायचं असेल तर गाळ्याचा फोटो मोबाइलवर काळा-पांढरा करून पाहावा. दोन राशी त्यात एक झाल्या, तर मधे मुळा किंवा लसूण हवा.

मग ही फसवणूक नाही का? काही प्रमाणात होऊ शकते. अर्धा पिकलेला टोमॅटो हिरव्याशेजारी अंमळ लाल दिसतोच. पण तो उचलून तळहातावर घेतला की शेजार सुटतो आणि खरा रंग दिसतो. मालावर रंगीत दिवा सोडणं याहून वेगळं, कारण गिऱ्हाइकाने वस्तू कितीही फिरवली तरी त्या दिव्याखाली रंग खोटाच राहतो. असे दिखाऊ दिवे चीनने १ डिसेंबर २०२३ पासून भाजी-मांसाच्या दुकानांत बंद केले, ते मला योग्य वाटतं. मांडणीला तोच न्याय लावणं मात्र अतिरेक होईल. रोजच्या गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कच्चा टोमॅटो निघाला तर दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या गाळ्यावर जातं, हा वचक पुरेसा आहे.

टोमॅटो-कोथिंबिरीच्या जोडीची एक अडचण मात्र रंगाशी संबंधित नाही. पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतो आणि पालेभाजी त्याने लवकर पिवळी पडते. उघड्या गाळ्यावर, वारं खेळत असताना, दिवसभरात त्याचा फारसा त्रास होत नाही. रात्री उरलेला माल झाकताना टोमॅटो आणि कोथिंबीर एकाच बंद क्रेटमध्ये गेली तर सकाळी किनारीसाठी नवी जुडी विकत घ्यावी लागते. तेव्हा गाळा बंद करताना सर्वांत आधी ही जोडी मोडावी, जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात आणि टोमॅटो वेगळ्या, हवेशीर पाटीत ठेवावेत.