नफा घटतो, पैसे जातात कुठे?

‘बँकेचा नफा निम्म्यावर’ अशी बातमी वाचली की ठेवीदाराच्या पोटात गोळा येतो. पैसे गेले कुठे? गंमत अशी की, पुष्कळदा त्या वर्षी तिजोरीतून एक रुपयाही बाहेर गेलेला नसतो. तो आधीच गेलेला असतो. कबुली तेवढी आता दिलेली असते.

एका कारखानदाराचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे बँकेचे दहा लाख येणे आहे आणि तारण यंत्राची किंमत आहे सहा लाख. त्याचा हप्ता थकला. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी २००४ पासून घालून दिलेल्या दंडकानुसार थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की केवळ तो हप्ता नव्हे, सगळे दहा लाख ‘अनुत्पादक’ ठरतात. येणे धरून उत्पन्नात मांडलेले, पण हाती न आलेले व्याजही मागे घ्यावे लागते.

पहिले वर्षभर हे कर्ज ‘दुय्यम’ मानले जाते. त्यापोटी १५ टक्के, म्हणजे दीड लाख रुपये नफ्यातून वेगळे काढायचे. हीच ‘तरतूद’. वर्ष उलटले की कर्ज ‘संशयित’ होते. आता तारण नसलेल्या चार लाखांवर पूर्ण आणि तारण असलेल्या सहा लाखांवर २५ टक्के, अशी एकूण साडेपाच लाखांची तरतूद लागते. दीड लाख आधीच केलेली असल्याने या वर्षीच्या नफ्यातून आणखी चार लाख वजा होतात. पुढे संशयित अवस्थेत तीन वर्षे लोटली की पूर्ण दहा लाखांची तरतूद करावी लागते. वसुलीची आशाच उरली नाही, तर कर्ज ‘बुडीत’. उद्या यंत्र विकून सहा लाख हाती आले, तर तेवढी तरतूद नफ्यात परत येते.

मग बँका हे टाळू का पाहतात? कारण टाळणे सोपे असते. जुना हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज दिले की कागदावर खाते नियमित दिसते. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांची कर्जखाती बारकाईने तपासली, तेव्हा अनेक झाकलेली खाती उघडी पडली. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१५ या एकाच तिमाहीत बँक ऑफ बडोदाने ३,३४२ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. ती कर्जे त्या तीन महिन्यांत बिघडली नव्हती. त्यांची नोंद तेव्हा झाली.

म्हणून बँकेचा अहवाल हाती आला की नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ अनुत्पादक कर्जे शेजारी ठेवून पाहा. दोहोंतला फरक म्हणजे साधारणपणे केलेली तरतूद. ढोबळ मोठे आणि निव्वळ लहान, तर बँकेने बराचसा घाव आधीच सोसला आहे. दोन्ही मोठे असतील, तर घाव अजून पुढच्या वर्षांच्या नफ्यावर बसायचा आहे.