चिलखत किती फटके झेलतं?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा रोल-प्लेइंग गेम ब्लिझार्ड कंपनीने 2004 मध्ये बाजारात आणला. त्यात आपण एक पात्र घेतो, राक्षसांशी लढतो आणि मिळालेल्या लुटीतून पात्राच्या अंगावर एकेक वस्तू चढवत जातो: शिरस्त्राण, छातीवरचं कवच, हातमोजे, बूट. प्रत्येक वस्तूवर आर्मरचा, म्हणजे चिलखताचा, एक आकडा असतो. पात्राच्या माहितीपानावर या सगळ्याची बेरीज दिसते आणि तिच्यावर माउस नेला की एक टक्केवारी उमटते. शत्रूच्या शारीरिक माऱ्यापैकी एवढे टक्के हे चिलखत अडवेल, असा तिचा अर्थ.

या टक्केवारीमुळे खेळणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: सुरुवातीला चिलखताचा फायदा भरपूर होतो, पुढे तो आटत जातो, म्हणून एका मर्यादेनंतर चिलखतावर खर्च करण्यात अर्थ नाही. याला ते 'डिमिनिशिंग रिटर्न्स', म्हणजे घटता परतावा, म्हणतात. पडद्यावरचे आकडे या समजाला दुजोरा देतात, आणि तरीही तो चुकीचा आहे. कसा, ते मूळ सूत्र उघडून पाहिलं की कळतं.

गेमच्या सुरुवातीच्या काळात कमाल लेव्हल 60 होती. तेव्हाचं सूत्र असं:

```
अडवलेला भाग = चिलखत / (चिलखत + 400 + 85 × हल्लेखोराची लेव्हल)
```

हल्लेखोर 60व्या लेव्हलचा असेल तर 400 अधिक 85 गुणिले 60, म्हणजे 5500. हा एकच आकडा लक्षात ठेवायचा. आता 5000 प्राण असलेला एक योद्धा घेऊ आणि त्याच्यावर दर वेळी 1000चा फटका मारणारा शत्रू सोडू. अंगावर काहीच नसेल तर योद्धा पाचव्या फटक्याला मरतो.

त्याला 5500 चिलखत चढवलं, तर सूत्रात 5500 भागिले 11000 येतं. निम्मा मारा अडला. प्रत्येक फटक्यातले 500च लागतात आणि योद्धा 10 फटके टिकतो. आणखी 5500 चढवून चिलखत 11000 केलं, की अडवलेला भाग 66.7 टक्के होतो. पहिल्या 5500ने 50 टक्के दिले होते, दुसऱ्याने जेमतेम 16.7. तिसऱ्या 5500ने, म्हणजे 16500 चिलखताला, टक्केवारी 75वर जाते. वाढ फक्त 8.3ची. टक्क्यांची ही उतरंड पाहून खेळणारा हात आखडता घेतो, यात नवल नाही.

पण आता फटके मोजा. 66.7 टक्के अडले तर 1000च्या फटक्यातले 333 लागतात, म्हणजे योद्धा 15 फटके टिकतो. 75 टक्के अडले तर 250 लागतात आणि तो 20 फटके टिकतो. पाच, दहा, पंधरा, वीस. प्रत्येक 5500 चिलखताने बरोबर पाच फटक्यांचं आयुष्य दिलं. पहिल्यानेही पाच आणि तिसऱ्यानेही पाचच. परतावा कुठेच घटला नाही.

फसगत होते ती आपण अडलेल्या भागाकडे बघतो म्हणून. मरण येतं ते आत शिरलेल्या भागामुळे. सेलमध्ये 1000 रुपयांच्या साडीवर 50 टक्क्यांऐवजी 75 टक्के सूट मिळाली, तर सूट दीडपट झाली असं वाटतं. खिशातून मात्र 500च्या जागी 250 जातात, म्हणजे तेवढ्याच पैशांत दुप्पट साड्या येतात. चिलखताचंही असंच आहे. प्राण भागिले आत शिरणारा भाग, हा हिशेब केला की पात्राचे खरे प्राण किती ते समजतं. खेळणारे त्याला 'इफेक्टिव्ह हेल्थ' म्हणतात. आपल्या योद्ध्याचे प्राण 5000 दिसत असले तरी 16500 चिलखतासह तो 20000चा मारा पचवतो.

सूत्र असं वाकडं का ठेवलं असेल, हा प्रश्न पडतो. दर अमुक चिलखतामागे एक टक्का, असा सरळ नियम का नाही? तसा नियम असलेला एक प्रसिद्ध गेम आहे: बेथेस्डाचा 2011 सालचा 'स्कायरिम'. तिथे चिलखताचा प्रत्येक बिंदू 0.12 टक्के मारा अडवतो, पहिला बिंदू काय आणि पाचशेवा काय. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण 0 वरून 10 टक्क्यांवर गेलात तर आयुष्य साधारण एक नवमांशाने वाढतं, आणि 70 वरून 80 टक्क्यांवर गेलात तर दीडपट होतं. दहा टक्के तेच, मोबदला कितीतरी मोठा. म्हणजे सरळ नियमात परतावा घटत नाही, उलट चढत जातो. असंच चालू दिलं तर 100 टक्क्यांना पात्र अमर होईल. म्हणून स्कायरिमला 80 टक्क्यांवर कुंपण घालावं लागलं. त्यापुढे अंगावर कितीही पोलाद चढवा, काडीचा उपयोग नाही. वॉरक्राफ्टच्या सूत्रात टक्केवारी 100ला कधीच पोहोचत नाही, आणि प्रत्येक बिंदूची किंमत सारखी राहते. माझ्या मते दोन्हींत हेच सूत्र अधिक नेटकं आहे. कुंपण त्यालाही आहे, 75 टक्क्यांचं. आपल्या हिशेबातला 16500चा टप्पा नेमका तोच. 60व्या लेव्हलच्या शत्रूपुढे त्याच्या वरचं चिलखत वाया जातं.

मग घटता परतावा अजिबात नाही का? एका अर्थाने आहे. पाचवरून दहा फटके म्हणजे आयुष्य दुप्पट. पंधरावरून वीस म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. वाढ तेवढीच, पण जवळ आधीच जे आहे त्याच्या मानाने ती लहान. याचा खरा परिणाम चिलखताची दुसऱ्या गुणाशी तुलना करताना दिसतो. या गेममध्ये 'स्टॅमिना' नावाचा गुण आहे, आणि त्याच्या एका बिंदूने 10 प्राण वाढतात. आपल्या योद्ध्याचं चिलखत 5500 असताना स्टॅमिनाचा एक बिंदू 22 चिलखताच्या तोडीचा असतो. चिलखत 11000 झालं की त्याच एका बिंदूची बरोबरी करायला 33 चिलखत लागतं. याचं कारण चिलखत दुबळं झालं हे नाही. जाड चिलखतामागचा प्रत्येक प्राण अधिक मोलाचा झाला. म्हणून दोन अंगठ्यांपैकी कुठली घालावी, याचं उत्तर अंगठीवर लिहिलेलं नसतं. ते आधीपासून अंगावर काय आहे यावर ठरतं.

इथे दोन योद्धे शेजारी उभे करून पाहू. पहिल्याचे प्राण 5000, चिलखत 11000. दुसऱ्याचे प्राण 7500, चिलखत 5500. हजारी फटके खात दोघेही बरोबर 15 फटके टिकतात. कागदावर दोघे सारखेच. पण मोठ्या लढाईत योद्धा एकटा नसतो. समोर उभं राहून मार खाणाऱ्या योद्ध्यामागे, म्हणजे 'टँक'मागे, त्याच्या जखमा भरून काढणारा 'हीलर' असतो. हीलरच्या एका मंत्राने 1000 प्राण परत येतात असं धरू. पहिल्या योद्ध्याचे एका फटक्याला 333 प्राण जातात, म्हणून एक मंत्र तीन फटक्यांची भरपाई करतो. दुसऱ्याचे 500 जातात, म्हणून तोच मंत्र दोनच फटक्यांना पुरतो. लढाई लांबली की हीलरची मंत्रशक्ती, म्हणजे 'माना', संपत येते, आणि तिथे पहिला योद्धा सरस ठरतो.

आता समोर ओनिक्सिया ही ड्रॅगन आणा. तिच्या आगीला चिलखत अडवत नाही. चिलखत फक्त तलवार, नखं, दात अशा शारीरिक माऱ्यापुरतं आहे. हजाराची आग दर वेळी अंगावर आली, तर पहिला योद्धा पाचव्या लोटात संपतो आणि दुसरा आठव्यात. कागदावर सारखे दिसणारे हे दोघे इथे पूर्ण वेगळे निघतात. मला या गणितातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. चांगलं चिलखत कुठलं, हे समोर कोण उभं आहे यावरच ठरतं.

समोरच्याची लेव्हलही मोजली जाते, हे सूत्रात दिसलंच. चिलखत 3800 असलेलं पात्र 40व्या लेव्हलच्या शत्रूचा निम्मा मारा अडवतं. तेच चिलखत घालून 60व्या लेव्हलच्या शत्रूपुढे उभं राहिलं तर 41 टक्केच अडतात. लेव्हल चढत गेली आणि कपडे जुनेच राहिले, की पात्र आपोआप नाजूक होतं ते यामुळे. मोठ्या लढायांमधले बॉस 63व्या लेव्हलचे धरले जातात, त्यामुळे त्यांच्यापुढे 5500च्या जागी 5755 हा आकडा येतो. आपण 50 टक्के समजत असलेलं चिलखत तिथे 49 टक्क्यांच्या किंचित खाली भरतं.

हे सगळं एका गेमचं झालं. दुसऱ्या गेममध्ये सूत्रच पालटू शकतं. 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये हल्लेखोराच्या लेव्हलच्या जागी फटक्याचा आकार येतो: चिलखत भागिले चिलखत अधिक पाच पट फटका. तिथे 5000 चिलखत हजाराच्या फटक्याचा निम्मा भाग अडवतं, शंभराच्या फटक्यातला 90 टक्के, आणि पाच हजाराच्या प्रचंड फटक्यातला जेमतेम 17 टक्के. त्या गेममध्ये किरकोळ शत्रूंपुढे अजिंक्य असलेलं पात्र बॉसच्या एकाच घावात कोसळतं, तेव्हा गेममध्ये दोष नसतो; चिलखताचा स्वभावच तसा आहे.

वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती 2019 पासून 'क्लासिक' या नावाने पुन्हा खेळता येते, त्यामुळे हा हिशेब कोणालाही पडताळता येईल. एकाच लेव्हलचा, नुसता शारीरिक मारा करणारा शत्रू निवडा. आधी चिलखत उतरवून आणि मग चढवून त्याचे बरेच फटके अंगावर घ्या. लढाईच्या नोंदीत प्रत्येक फटक्याचा आकडा लिहिला जातो. ढालीने अडवलेले आणि दुप्पट बसलेले क्रिटिकल फटके वगळा, उरलेल्यांची दोन्ही वेळची सरासरी काढा आणि चिलखतासह आलेल्या सरासरीला चिलखताविना आलेल्या सरासरीने भागा. जो अपूर्णांक येईल तो आत शिरणारा भाग. पुढच्या वेळी नवं कवच घ्यायचं की नाही हे ठरवताना तोच किती कमी होतो ते पाहा. माउसखाली दिसणारी टक्केवारी विसरलात तरी चालेल.