पाण्यातलं खोकं कुठे चुकतं?

2004 साली आलेल्या ‘हाफ-लाइफ 2’ या गेममध्ये एक कोडं आहे. पाण्यातल्या उताराखाली रिकामी पिंपं सरकवायची. ती वर रेटतात, उतार उचलला जातो आणि पुढची वाट मोकळी होते. असं कोडं जमतं ते पिंपं पाण्यात पिंपांसारखी वागतात म्हणून. पण गेम बनवणारा कोणीही पहिल्यांदा पाण्यात लाकडी खोकं टाकतो, तेव्हा बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. खोकं तळ गाठतं, भिंगरीसारखं फिरतं, नाहीतर वरखाली होतच राहतं. तिन्हींची कारणं वेगळी असतात. तरी बरेच जण एकच आकडा, पाण्याचा वर ढकलणारा जोर, कमीजास्त करत बसतात.

आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळेच शिकतात : वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. एक मीटर बाजूचं, 400 किलोचं खोकं घेऊ. पूर्ण बुडालं तर ते 1000 किलो पाणी सारेल, म्हणजे हवं त्यापेक्षा खूपच जास्त. 400 किलो पाणी सारायला 40 सेंटिमीटर बुडणं पुरतं आणि तिथेच ते ठरायला हवं.

गेममध्ये पाणी म्हणजे एक चित्र असतं. जोर आपणच लावायचा असतो. त्यासाठी खोक्याच्या खालच्या चार कोपऱ्यांवर चार बिंदू धरतात. प्रत्येक बिंदू पाण्याखाली किती गेला ते मोजून त्याच्या वाट्याचा एक चतुर्थांश जोर वर लावतात. चारने भागायचं राहिलं तर जोर चौपट होतो आणि खोकं आकाशात उडतं. चुकून दोनदा भागलं तर पूर्ण बुडूनही 250 किलोच पेलले जातात आणि खोकं तळाशी जातं. वजनाचा आकडाही तपासावा लागतो. युनिटी या गेम इंजिनात नव्या वस्तूचं वजन आपण न सांगितल्यास एक किलो धरलं जातं. एक मीटरचं, एक किलोचं खोकं पाण्याखाली सोडलं तर एका पावलात, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, त्याला सेकंदाला 200 मीटरच्या आसपास वेग मिळतो.

फिरण्याचं मूळ जोर लावण्याच्या जागेत असतं. युनिटीतली `AddForceAtPosition` ही आज्ञा जोर किती आणि कुठे ते विचारते. ते ‘कुठे’ संपूर्ण गेमच्या नकाशावरून मोजलेलं हवं. कोणी खोक्याच्या मध्यापासून मोजलेला कोपरा दिला, तर जोर नकाशाच्या शून्यबिंदूपाशी लागतो. खोकं तिथून 100 मीटर लांब असेल तर तेवढ्या लांबीच्या दांड्याने कोणी ते पिळावं, असा परिणाम होतो. युनिटी फिरण्याच्या वेगाला मर्यादा घालते म्हणून सेकंदाला एका फेरीहून थोडंच जास्त फिरणं दिसतं. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे : शून्याजवळ खोकं शहाण्यासारखं तरंगतं आणि दूर नेलं की बिथरतं.

तिसरा दोष म्हणजे न थांबणारं वरखाली होणं. वरून पडलेलं खोकं 40 सेंटिमीटरवर पोहोचतं तेव्हा त्याच्याकडे वेग असतो, म्हणून ते आणखी खाली जातं आणि तेवढ्याच जोमाने वर येतं. खऱ्या पाण्यात ही ऊर्जा लाटांत आणि घर्षणात संपते. गेममध्ये ती संपवणारं कोणी नसतं, म्हणून वेगाच्या उलट दिशेने विरोध लावावा लागतो. आपल्या खोक्यासाठी सेकंदाला एक मीटर वेगामागे साधारण 4000 न्यूटन विरोध दिला तर ते एकदाही न हेलकावता थांबतं. 2000 दिल्यास एखादा हेलकावा दिसतो आणि तेच जास्त खरं वाटतं. हा विरोध बुडालेल्या भागापुरताच हवा, नाहीतर खोकं हवेतूनही संथ पडेल. भरमसाट वाढवूनही चालत नाही. पन्नासाव्या सेकंदाच्या पावलाने हिशेब करताना विरोध 40,000 च्या पुढे गेला की प्रत्येक पावलात वेग उलटा होतो आणि आधीपेक्षा वाढतो. शांत करण्यासाठी लावलेला जोरच मग खोक्याला थरथरवतो.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवावा. स्थिर पाण्यात एकच खोकं टाकून ते किती बुडून ठरतं ते आधी पाहावं, मग तेच खोकं दूर नेऊन पाहावं आणि हेलकावे शेवटी मोजावेत. वजन चुकलेलं असताना विरोध जुळवला, तर वजन सुधारल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो.

एवढं करूनही चार कोपऱ्यांचा हिशेब थोडा खोटाच असतो. सगळीकडे सारखं जड असलेलं, पाण्याच्या 40 टक्के घनतेचं चौकोनी ठोकळं खऱ्या तळ्यात सपाट राहतच नाही, कलतं. तसा ठोकळा सपाट तरंगायला घनता 21 टक्क्यांहून कमी किंवा 79 टक्क्यांहून जास्त लागते. गेममध्ये मात्र तो ताठ उभा राहतो, कारण सगळा आधार थेट टोकांवर मिळतो. वर उभं राहून पलीकडे जायचं असणाऱ्या खेळाडूला हीच चूक सोयीची पडते, म्हणून ती बहुतेक वेळा तशीच ठेवली जाते.