सिंकिंग फंड कागदावर आहे, पण बँकेत?

सप्टेंबर जवळ आला की गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची धांदल सुरू होते. कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. सभेआधी प्रत्येकाच्या हातात एक अहवाल पडतो. त्यातली पाणीगळती, पार्किंग आणि कुत्र्यांची पाने सगळे वाचतात. शेवटी जोडलेला ताळेबंद मात्र कोणी उघडत नाही, आणि सोसायटीची खरी तब्येत कळते ती तिथेच.

दरमहा येणारे मेंटेनन्सचे बिल एकाच रकमेचे दिसले, तरी त्यात वेगवेगळ्या हेतूंनी घेतलेले पैसे एकत्र असतात. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येकाची वाटणी निराळी होते. वॉचमन, सफाई, कार्यालय, जिन्यातली वीज हे सेवा शुल्क सर्व सदनिकांवर सारखे बसते, मग फ्लॅट लहान असो की मोठा. लिफ्टचेही तसेच. मालमत्ता कर ज्याचा जेवढा तेवढा, आणि पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर व आकारावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चावर काढतात. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. दुरुस्तीसाठी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का.

मोठ्या घराने जास्त सेवा शुल्क द्यावे की नाही, हा वाद दर सभेत निघतो. वॉचमन दाराशी उभा राहतो तो सगळ्यांसाठी सारखाच, म्हणून सहकारी सोसायटीत समान वाटणी मला रास्त वाटते. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या इमारतींत मात्र हिशेब अविभाज्य हिश्श्याप्रमाणे चालतो. आपली इमारत यांपैकी कशात मोडते, हे आधी पाहावे आणि मग भांडावे.

आता एक नमुना घेऊ. चाळीस सदनिकांची इमारत. त्यांतल्या चोवीस लहान, प्रत्येकीचा बांधकाम खर्च ८ लाख. सोळा मोठ्या, प्रत्येकीचा १२ लाख. लहान घराचा सिंकिंग फंड वर्षाला २,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १६७. मोठ्याचा ३,००० रुपये, महिन्याला २५०. साऱ्या इमारतीचे मिळून वर्षाला ९६,००० जमतात. दहा वर्षांत, व्याज बाजूला ठेवले तरी, ९ लाख ६० हजार. ही रक्कम इमारतीच्या म्हातारपणासाठी आहे. पुनर्बांधणी, रचनेतले बदल किंवा आर्किटेक्टने आवश्यक ठरवलेली मोठी दुरुस्ती, तीही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, एवढ्यासाठीच ती काढता येते. गेट रंगवायला किंवा पंप बदलायला नाही.

या इमारतीचा ताळेबंद उघडू या. डावीकडे, देणी व निधींच्या बाजूला, ‘सिंकिंग फंड ९,६०,०००’ असे लिहिलेले असते. ते वाचून सभासद निर्धास्त होतात. पण डावी बाजू एवढेच सांगते, की या नावाने इतके जमले असायला हवेत. ते आहेत कुठे, हे उजव्या बाजूला पाहायचे. तिथे ‘सिंकिंग फंड मुदत ठेव’ शोधली तर सापडतात ४,७०,०००. बचत खात्यात ९०,०००. आणि खाली एक ओळ, ‘सभासदांकडून येणे ५,२०,०००’. निधी आणि ठेव यांत ४ लाख ९० हजारांचा फरक आहे. तो बहुतेक त्या शेवटच्या ओळीत गेला आहे.

हे घडते कसे? बिल निघाले की हिशेबात त्या महिन्याचे उत्पन्न धरले जाते आणि निधीचा वाटा निधीच्या खात्यावर जमा होतो, पैसे हाती आले असोत वा नसोत. समजा, पाच घरे वर्षानुवर्षे बिल भरत नाहीत. वॉचमनचा पगार तर १ तारखेला द्यायचाच असतो. मग ज्यांनी वेळेवर भरले, त्यांच्या बिलातला सिंकिंग फंडाचा वाटा ठेवीत न जाता पगारात जातो. कोणी पैसे खाल्लेले नसतात, तरी निधी पोकळ होत जातो. याच वर्षी उत्पन्न-खर्च पत्रकात चाळीस हजारांचे आधिक्य दिसू शकते आणि सचिव म्हणू शकतात, ‘सोसायटी फायद्यात आहे.’ ते आधिक्य न आलेल्या बिलांचे असते. दहा वर्षांनी छत बदलायची वेळ येते, तेव्हा नियमित भरणाऱ्यांनाच पुन्हा वर्गणी मागितली जाते. हा अन्याय आहे आणि तो ताळेबंद न वाचल्यामुळे टिकतो.

म्हणून थकबाकीची सदनिकावार यादी ताळेबंदासोबत असलीच पाहिजे. नुसता एकूण आकडा पुरेसा नाही. काही ठिकाणी आगाऊ भरणाऱ्यांची रक्कम थकबाकीतून वजा करून निव्वळ आकडा छापतात. आगाऊ आलेले ६०,००० वजा केले की ५,२०,००० चे ४,६०,००० होतात आणि दुखणे हलके दिसते. आगाऊ रक्कम ही सोसायटीची देणी आहे. ती डावीकडे, थकबाकी उजवीकडे, दोन्ही पूर्ण दिसायला हव्यात.

यादीत मुद्दल आणि व्याज वेगळे हवे. थकबाकीवर सोसायटीला कमाल २१ टक्के दराने सरळव्याज लावता येते. ३६,००० रुपये पूर्ण वर्ष थकले तर व्याज ७,५६० होते. अनेक सॉफ्टवेअर आणि हाताने लिहिलेली बिलेही हे व्याज ‘मागील बाकी’त मिसळतात आणि पुढल्या वर्षी ४३,५६० वर व्याज आकारतात. ते ९,१४७ च्या वर जाते, म्हणजे वर्षाला सुमारे १,५८७ रुपये बेकायदा. वर्षे वाढतील तसा फरक वाढतो, आणि वसुलीच्या सुनावणीत थकबाकीदार नेमके याच चुकीवर बोट ठेवतो. आपल्या बिलात ‘मागील मुद्दल’ आणि ‘मागील व्याज’ असे दोन रकाने नसतील, तर ते मागून घ्या.

कधी सभासदाने भरलेले पैसेही थकबाकीत दिसतात. यूपीआय किंवा एनईएफटीने रक्कम येते, पण फ्लॅट क्रमांक लिहिलेला नसतो. मग ती ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात पडून राहते आणि त्या घराच्या नावावर व्याज चढते. ताळेबंदात सस्पेन्स खाते दिसले की त्यातली प्रत्येक नोंद कोणाची, हे समितीने शोधलेच पाहिजे. सभासदानेही पैसे भरताना फ्लॅट क्रमांक आणि महिना लिहावा.

घर भाड्याने दिले असेल तर बिलात बिनभोगवटा शुल्क येते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. सेवा शुल्क १,५०० असेल तर १५० रुपये. संपूर्ण बिलाच्या १० टक्के घेतले जात असतील, तर ते जादा आहे.

थकबाकी वसूल करायला समितीपाशी मार्ग आहे. नोटीस देऊन, ठराव करून निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी तो कलम १०१ खाली होत असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण सोसायट्यांसाठी कलम १५४ ब-२९ आहे. दाखला मिळाला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. समितीला शेजाऱ्याशी वाकडे घ्यायचे नसते, म्हणून अर्ज वर्षे लांबतो. पण त्या संकोचाची किंमत सगळे मोजतात.

येत्या सभेला जाताना ताळेबंदावर दोन आकडे पेन्सिलीने गोल करा, डावीकडचा सिंकिंग फंड आणि उजवीकडची त्याच नावाची ठेव. फरक असेल तर सभेत उठून ठेवीच्या पावत्या आणि थकबाकीची सदनिकावार यादी मागा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.