मागून भरत या

एका शाळेत दहावीच्या दोन तुकड्या आहेत आणि दोन्ही तुकड्यांचे गुण चढत्या क्रमाने लावून तयार आहेत. अ तुकडीत चार मुलं: १२, २५, ४०, ५८. ब तुकडीत तीन: ८, ३१, ४७. आता दोन्ही मिळून एकच यादी हवी आहे, तीही चढत्या क्रमाने. संगणकात अशी यादी ज्या मांडणीत ठेवतात तिला ॲरे म्हणतात. ॲरे म्हणजे शेजारी शेजारी असलेले आणि ० पासून क्रमांक दिलेले रकाने. अ तुकडीच्या ॲरेत सात रकाने आहेत. पहिल्या चारांत गुण आहेत आणि शेवटचे तीन मोकळे आहेत, म्हणजे ब तुकडीतली तिन्ही मुलं नेमकी मावतील एवढी जागा आहे. अट एकच: तिसरा ॲरे घ्यायचा नाही, अंतिम यादी अ च्याच सात रकान्यांत तयार व्हायला हवी.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना हा प्रश्न मुलाखतीत हमखास भेटतो आणि बहुतेकांचा हात आधी यादीच्या सुरुवातीकडे जातो. ते साहजिकच आहे. दोन याद्या एकत्र करायच्या तर दोघींच्या तोंडाशी बोट ठेवायचं, लहान असेल तो आकडा उचलायचा, बोट पुढे सरकवायचं. तिसरा कोरा कागद असेल तर ही रीत बिनचूक चालते. इथे मात्र पहिल्याच पावलाला अडते. सगळ्यात लहान गुण ८, तो ० क्रमांकाच्या रकान्यात जायला हवा, आणि तिथे १२ आधीच आहे. ८ लिहिला की १२ पुसला गेला.

मग १२ ला जागा करून द्यावी लागते. १२ सरकवायचा तर २५ सरकायला हवा, त्यासाठी ४०, आणि त्यासाठी ५८. ८ बसवायला चार आकडे एकेक घर पुढे गेले. नंतर ३१ आला, त्याच्यासाठी ४० आणि ५८ पुन्हा हलले. शेवटी ४७ आला तेव्हा ५८ तिसऱ्यांदा हलला. सात आकड्यांत हे खपून जातं. पण दोन्ही याद्यांत एकेक लाख आकडे असतील आणि दुसरीतला प्रत्येक आकडा पहिलीतल्या सगळ्यांपेक्षा लहान असेल, तर दुसरीतल्या प्रत्येकासाठी पहिलीतले लाखभर आकडे सरकवावे लागतात. एकूण सरकवासरकव होते १,००० कोटी वेळा. यादी तर दोन लाखांचीच आहे.

अडचणीचं मूळ असं की मोकळी जागा यादीच्या शेवटी आहे आणि आपण लिहायला निघालो आहोत सुरुवातीला, जिथे सगळे रकाने भरलेले आहेत. तेव्हा लिहायची सुरुवातच मोकळ्या टोकापासून करू. शेवटच्या रकान्यात कोण जाणार हे ठरवायला फारसं शोधावं लागत नाही. दोन्ही याद्या चढत्या आहेत, म्हणजे सगळ्यात मोठा गुण अ च्या शेवटी असेल, नाहीतर ब च्या शेवटी. दोनच उमेदवार.

तीन खुणा ठेवू. `i` ही अ मधल्या न हलवलेल्या शेवटच्या गुणावर, म्हणजे ५८ वर, रकाना ३. `j` ही ब मधल्या शेवटच्या गुणावर, ४७ वर, रकाना २. आणि `k` ही जिथे लिहायचं त्या रकान्यावर, म्हणजे ६ वर.

५८ आणि ४७ यांत ५८ मोठा, तो रकाना ६ मध्ये गेला. `i` मागे सरकून ४० वर आली. ४० आणि ४७ यांत ४७ मोठा, तो रकाना ५ मध्ये. मग ४० आणि ३१ यांत ४० मोठा, तो रकाना ४ मध्ये. तिन्ही मोकळे रकाने आता भरले. पुढची तुलना २५ आणि ३१ यांची, ३१ मोठा, आणि त्याला जायचंय रकाना ३ मध्ये. तिथे ५८ लिहिलेला आहे. पण तो ५८ आता नुसता उरलेला ठसा आहे, खरा ५८ केव्हाच रकाना ६ मध्ये पोचला आहे. म्हणून ३१ निर्धास्त लिहायचा. त्यानंतर २५ रकाना २ मध्ये आणि १२ रकाना १ मध्ये गेला. अ संपली. ब मध्ये ८ उरला, तो रकाना ० मध्ये. यादी झाली: ८, १२, २५, ३१, ४०, ४७, ५८. प्रत्येक गुण एकदाच लिहिला गेला. लाख-लाखाच्या याद्या असत्या तरी लिहिणं दोन लाख वेळाच झालं असतं.

हे प्रत्येक वेळी साधेलच याची खात्री कशी? मागून लिहिता लिहिता अ मधला अजून न हलवलेला एखादा गुण कधीच पुसला जाणार नाही कशावरून? `k` आणि `i` यांच्यातल्या अंतराकडे लक्ष ठेवलं की उत्तर मिळतं. सुरुवातीला `k` ६ वर आणि `i` ३ वर, अंतर ३. ब मध्ये तेव्हा तीनच गुण बाकी होते. अ मधला गुण उचलला की `i` आणि `k` दोन्ही एकेक घर मागे येतात, अंतर तेवढंच राहतं. ब मधला उचलला की एकटी `k` मागे येते, अंतर एकाने कमी होतं, आणि ब मधला एक गुणही कमी झालेला असतो. म्हणजे हे अंतर नेहमीच ब मध्ये उरलेल्या गुणांएवढं असतं. ब मध्ये एक जरी गुण शिल्लक असेल तरी लिहायचा रकाना न हलवलेल्या गुणांच्या पुढेच असतो. अंतर शून्य होतं ते ब संपल्यावर, आणि तेव्हा अ मध्ये जे उरलं ते आपापल्या जागीच असतं. त्याला हात लावायची गरजच नाही.

पायथॉनमध्ये हे सगळं एवढ्यात मावतं. `m` म्हणजे अ मधल्या खऱ्या गुणांची संख्या, `n` म्हणजे ब मधल्यांची:

```
i, j, k = m - 1, n - 1, m + n - 1
while j >= 0:
    if i >= 0 and a[i] > b[j]:
        a[k] = a[i]
        i -= 1
    else:
        a[k] = b[j]
        j -= 1
    k -= 1
```

`while` च्या ओळीत फक्त `j` ची अट आहे. अनेकजण तिथे दोन्ही याद्यांची अट घालतात: `i` आणि `j` दोन्ही शिल्लक असतील तोवर चालू ठेवा. आपल्या उदाहरणात तसं केलं तर १२ रकाना १ मध्ये गेल्यावर अ संपते, काम थांबतं आणि ८ बाहेरच राहतो. रकाना ० मध्ये जुना १२ तसाच राहतो. यादी दिसते १२, १२, २५, ३१, ४०, ४७, ५८. ही चूक फसवी आहे, कारण आकडे सातच आहेत आणि चढत्या क्रमातही आहेत. क्रम तपासून ती सापडत नाही. बेरीज करून पाहिली तर सापडते: मूळ गुणांची बेरीज २२१ आणि या यादीची २२५. म्हणून असा प्रोग्रॅम तपासताना क्रमाबरोबर बेरीजही जुळवावी. शिवाय अ पूर्ण रिकामी ठेवून एकदा चालवून पाहावा. चूक असेल तर ब मधला एकही गुण उतरणार नाही.

दुसरी चूक मोकळे रकाने ओळखण्यात होते. हे रकाने बहुधा ० भरून ठेवलेले असतात, त्यामुळे ० दिसला की रकाना मोकळा, असं धरून चालावंसं वाटतं. पण एखाद्या मुलाला परीक्षेत खरोखर शून्य मिळालेला असू शकतो. म्हणून `m` ही संख्या वेगळी माहीत असायलाच हवी. ॲरेची पूर्ण लांबी मोजून `i` ला शेवटच्या रकान्यावर बसवलं तर `i` आणि `k` यांच्यात अंतरच राहत नाही, आणि आपणच आत्ता लिहिलेला आकडा प्रोग्रॅम पुन्हा अ चा म्हणून वाचतो.

तुलनेत `>` आहे, `>=` नाही, यालाही कारण आहे. दोन्ही तुकड्यांत एकेका मुलाला ४० मिळाले असतील तर `>` मुळे आधी ब चा गुण मागच्या रकान्यात जातो आणि अ चा त्याच्या पुढे राहतो. नुसत्या आकड्यांना याने फरक पडत नाही. पण गुणांबरोबर नावं असतील आणि बरोबरीत अ तुकडीचं नाव आधी यावं असा नियम असेल, तर `>=` ने तो नियम गुपचूप मोडतो.

ही युक्ती फक्त मुलाखतीपुरती नाही. पायथॉनमध्ये यादी क्रमाने लावण्याची जी पद्धत आहे ती टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये तयार केली आणि ती टिमसॉर्ट या नावाने ओळखली जाते. पुढे जावानेही ती घेतली. ही पद्धत यादीत आधीच क्रमाने असलेले तुकडे शोधते आणि शेजारचे दोन तुकडे एकत्र करत जाते. तिथे मोकळी जागा कोणी आयती दिलेली नसते, ती करून घ्यावी लागते. उजवा तुकडा लहान असेल तर तो तात्पुरत्या जागेत नकलून ठेवतात. त्यामुळे त्याचे मूळ रकाने मोकळे होतात, आणि आता डावा तुकडा व त्याच्या शेवटी मोकळी जागा, हे आपलंच उदाहरण झालं. मग भरणं मागून होतं, पायथॉनमध्ये त्या भागाचं नाव `merge_hi`. डावा तुकडा लहान असेल तर नक्कल डाव्याची होते, मोकळी जागा सुरुवातीला येते आणि `merge_lo` पुढून भरत जातं. नक्कल नेहमी लहान तुकड्याची असल्याने जादा जागा यादीच्या निम्म्याहून जास्त कधीच लागत नाही.

मोकळी जागा अजिबातच नसेल तर काय? ती न घेता, याद्यांच्या एकूण लांबीच्या प्रमाणातच राहतील एवढ्या पावलांत, दोन तुकडे एकत्र करता येतात हे क्रोनरॉड यांनी १९६९ मध्ये दाखवलं. पण ती रीत इतकी गुंतागुंतीची आहे की टिमसॉर्टसारख्या रोजच्या वापरातल्या पद्धती थोडी तात्पुरती जागा घेणंच पत्करतात. ती जागा मिळाली की एकच गोष्ट ठरवायची उरते: मोकळे रकाने ज्या टोकाला असतील तिथून लिहायला लागायचं, आणि ते किती आहेत ते दुसऱ्या यादीत उरलेल्यांशी ताडून पाहायचं.