घाईतल्या हँडबिलाचे मुद्रितशोधन

“ताई, दिवाळीचं हँडबिल पाठवतोय. संध्याकाळी छापायला द्यायचंय, जरा नजर टाका. दोनशेच्या वर मात्र जमणार नाही.” फराळाच्या छोट्या दुकानाचा मालक मुद्रितशोधकाला साधारण असा निरोप पाठवतो. त्यात वेळ कळते, पैसे कळतात. पण दुरुस्त्या कोण करणार, हे राहून जाते. व्हॉट्सॲपवर बहुधा चित्रच येते. त्यातली अक्षरे मुद्रितशोधकाला बदलता येत नाहीत, फक्त खुणा करता येतात. बदल डीटीपीवाल्याने मूळ फाइलमध्ये करायचे असतात. शिवाय पाठवताना चित्राचा दर्जा घटतो आणि अनुस्वार, रफार पुसट होतात. म्हणून आधी पीडीएफ आणि दुकानातले दरपत्रक मागवून घेणे उत्तम.

दोनशे रुपयांत फार तर अर्ध्या तासाचे काम होते. त्यात वाक्ये सजवणे बसत नाही, आणि ते बसवूही नये. गिऱ्हाईक जिथे चुकेल, ते आधी पाहावे. फोन नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचून दहा भरतात का ते मोजावे आणि त्यावर एकदा फोनही लावावा. तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडावेत. मग दर. अर्धा किलो चकली २४० रुपये आणि एक किलो ४९० रुपये असे छापले असेल, तर दोन अर्धे पुडे किलोपेक्षा स्वस्त पडतात. चूक कोणत्या आकड्यात आहे हे मुद्रितशोधकाला ठरवता येत नाही. तिथे प्रश्नचिन्ह करून मालकाला विचारावेच लागते. वर “सर्व मालावर १० टक्के सूट” आणि खाली बारीक अक्षरात “१००० रुपयांच्या खरेदीवर” असेल, तर भांडण गल्ल्यावर होणार. हे त्याला आधीच सांगायला हवे.

शुद्धलेखन यानंतर. अशा पत्रकांत “शुद्ध तूपातील” आणि “विशेष सुट” या चुका नेहमीच्या. मराठीत तूप, सूट, फूल अशा अकारान्त शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा उकार दीर्घ असतो. प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूप बदलले की तो ऱ्हस्व होतो. म्हणून तूप, पण तुपातील. “हार्दीक” मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. तो “हार्दिक” असाच लिहायचा. मथळा शेवटी पुन्हा एकदा अक्षर अक्षर लावून वाचावा. मोठा टाइप डोळा एका घासात वाचतो, त्यामुळे तिथली चूक हमखास सुटते.

दुरुस्त केलेले पान परत आले की बदललेल्या ओळी आणि त्यांच्या शेजारच्या ओळी पुन्हा पाहाव्या लागतात, कारण एक अक्षर बदलताना दुसरे हलते. ऑफसेटची प्लेट निघाल्यावर चूक सापडली तर प्लेट नव्याने काढावी लागते, आणि तिचा खर्च दुकानदाराच्या माथी बसतो. दर खरा की खोटा हे त्यालाच ठाऊक असते, म्हणून छपाईआधीची शेवटची सही त्याचीच हवी.