तिन्ही बेतांना एकच ‘हो’

आईला ऐंशी पूर्ण होतात आणि तीन भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघतो. आई नाशिकला धाकट्या मुलाकडे असते. थोरला पुण्याला, बहीण ठाण्याला. दुपारी थोरला लिहितो, ‘कार्यक्रम घरीच करू. शंभरेक माणसं होतील, केटररला सांगून टाकू.’ धाकट्या सुनेचं उत्तर मिनिटाच्या आत येतं, ‘हो दादा, चालेल.’ पुढे हात जोडल्याचं चित्र. थोड्या वेळाने बहीण म्हणते, ‘घरी कशाला एवढा पसारा? हॉलच घेऊ की.’ ‘हो ताई, छान होईल.’ संध्याकाळी थोरल्याला नवीन सुचतं, ‘आपण सगळे आदल्या दिवशीच येऊ. रात्री घरीच गप्पा मारत बसू.’ ‘हो नक्की, या ना!’

ही माणसं खास या लेखासाठी जमवली आहेत, पण असा ग्रुप बहुतेकांच्या फोनमध्ये असतो आणि असं ‘हो’ म्हणणारं माणूसही. बाकीचे खूश असतात. सगळं कसं पटापट ठरलं! पण नीट पाहिलं तर पहिला आणि दुसरा बेत एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दोन्हींना एकाच उत्साहाने होकार देणाऱ्याने बेताला होकार दिलेला नसतो, बेत मांडणाऱ्याला दिलेला असतो.

हे समोरासमोर घडलं असतं तर कदाचित लक्षात आलं असतं, कारण बोलताना आपण शब्दांइतकाच वेळ ऐकतो. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे संशोधकांनी दहा भाषांत मोजून २००९मध्ये प्रसिद्ध केलं. डॅनिश, जपानी, कोरियन, लाओ अशा परस्परांपासून लांबच्या या भाषा. सरासरी निघाली सुमारे एक पंचमांश सेकंद. भाषेगणिक ती थोडी मागेपुढे होते, पण होकार सगळीकडेच नकारापेक्षा लवकर येतो. नकार देणारा माणूस आधी थांबतो, ‘अं’ करतो, ‘तसं ठीकच आहे, पण…’ अशी वळणं घेतो.

त्याहून रंजक प्रयोग फेलिशिया रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. फोनवर एकजण दुसऱ्याकडे काहीतरी मागतो आणि दुसरा ‘हो’ म्हणतो, अशी संभाषणं त्यांनी लोकांना ऐकवली. ‘हो’ तेच ठेवलं, फक्त त्याच्या आधीची शांतता कमीजास्त केली. शांतता सेकंदाच्या आसपास वाढली की ऐकणाऱ्यांना तोच ‘हो’ कमी राजीखुशीचा वाटू लागला. पुढे इटालियन आणि जपानी लोकांसोबत केलेल्या प्रयोगातही कल तसाच दिसला. होकारामागची नाखुशी आपला कान एवढ्या बारीक फटीतून पकडतो.

चॅटमध्ये ही फटच बुजते. उत्तर चाळीस सेकंदांत आलं याचा अर्थ फोन हातात होता, एवढाच. उलट चार तासांनी आलं तर ती मीटिंगमध्ये असेल, झोपली असेल किंवा नेटवर्क नसेल. गंमत म्हणजे निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यापासून उशीर करणंही चारचौघांत दिसतं. ज्याला नाही म्हणायचं आहे पण म्हणता येत नाही, त्याला गप्प राहणं परवडत नाही. ‘वाचून बसली आहे, उत्तर देत नाही’ असं होऊ नये म्हणून तो सगळ्यांच्या आधी ‘हो’ टाकून मोकळा होतो. म्हणजे समोरासमोर राजीपणाची खूण असलेली तत्परता इथे कित्येकदा अडचणीतून सुटण्याची वाट बनते. चॅटमधल्या वेगावरून होकार जोखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कशावरून जोखायचा? याचा सगळ्यात कसून विचार झाला तो कुटुंबात नव्हे, न्यायालयात. ऑस्ट्रेलियात आदिवासी संशयित पोलिसांच्या प्रश्नांना एकामागून एक ‘हो’ म्हणत जातात, प्रश्न कळला नसला किंवा पटला नसला तरी म्हणतात, हे लक्षात आलं होतं. समोर सत्ता असलेला माणूस आहे, त्याला हवं ते उत्तर दिलं की हा प्रसंग संपेल, असा त्यामागचा हिशेब. डायना इड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी या निरर्थक होकारावर पुढे बरंच लिहिलं. नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात १९७६मध्ये अनुंगा खटल्यात न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी पोलिसांसाठी काही सूचना घालून दिल्या. ‘गप्प राहण्याचा तुला हक्क आहे, समजलं का?’ एवढं विचारून ‘हो’ लिहून घेणं पुरेसं नाही. त्या वाक्याचा अर्थ संशयिताने तुकड्यातुकड्याने स्वतःच्या शब्दांत सांगायला हवा. प्रश्नातूनच अपेक्षित उत्तर सुचेल, असं विचारायचं नाही. आणि कबुली अगदी मनमोकळी वाटली तरी इतर पुरावा शोधायचं थांबवायचं नाही.

नाशिकच्या सुनेची तुलना कोठडीतल्या माणसाशी करण्याचा हेतू नाही. पण त्या सूचनांतली सूक्ष्म दृष्टी थेट घरी आणण्याजोगी आहे. दोष ‘हो’ म्हणणाऱ्याच्या स्वभावात शोधण्याऐवजी ती प्रश्नाकडे बोट दाखवते. ‘चालेल ना?’ या प्रश्नाला दुसरं उत्तर देणं धाकट्या माणसाला जवळपास अशक्यच असतं. शंका येऊन थोरल्याने पुन्हा ‘नक्की चालेल ना? अगदी मनापासून सांग हं!’ असं विचारलं तरी काही बदलत नाही. त्यालाही ‘हो’च येणार, आधीपेक्षा एखादं उद्गारचिन्ह जास्त घेऊन.

म्हणून आधी आलेल्या होकारांकडेच नीट पाहावं. खरा होकार सहसा ओबडधोबड असतो. त्यात तपशील असतो, प्रतिप्रश्न असतो, अनेकदा ‘पण’ असतो. ‘हो, हॉल घेऊ, पण दुसऱ्या मजल्यावरचा नको, आईंना जिना चढवत नाही’ हा होकार पक्का, कारण बोलणारी मनाने त्या हॉलमध्ये जाऊन आली आहे. शिवाय खरे होकार एकसारखे नसतात. एका बेताला माणूस उडी मारतो, दुसऱ्याला ‘बघू या’ म्हणतो, तिसऱ्यावर कुरकुरतो. तिन्ही उत्तरं एकाच मापाची, एकाच सुराची आणि एकाच चित्रासकट आली की थांबावं.

मात्र घाईने निष्कर्षही काढू नये. काही माणसांना खरोखर सगळं चालतं आणि काहीजण कामाच्या गडबडीत सगळ्यांनाच दोन शब्दांत उत्तर देतात. त्यासाठी दोन गोष्टी तपासता येतात. पहिली, हेच माणूस बरोबरीच्यांत कसं लिहितं? हीच सून माहेरच्या ग्रुपवर साडीच्या रंगावरून परिच्छेद लिहीत असेल, तर सासरच्या ग्रुपवरचं ‘चालेल’ हा तिचा स्वभाव नव्हे. हे थोरल्याला दिसणार नाही, तिच्या नवऱ्याला दिसू शकतं. (तो ग्रुपवर अंगठा दाखवण्यापलीकडे काही करत नाही, हा वेगळा विषय.) दुसरी, बेताचा भार कोणावर पडतो? हॉल घेतला तर खर्च तिघांत वाटला जाईल, पण आदल्या रात्री नऊ माणसं घरी राहणार म्हणजे गाद्या, नाश्ता, सकाळचं पाणी आणि ती आवराआवर कोणाच्या वाट्याला, हे सांगायला नको. खरंच सगळं चालणाऱ्या माणसाचा सूरही भाराप्रमाणे थोडा बदलतो. ज्या बेतात त्याला काहीच करायचं नाही आणि ज्यात सगळं त्यालाच करायचं आहे, त्या दोन्हींना अगदी सारखंच उत्तर आलं, तर संशयाला जागा आहे.

इतर पुरावा म्हणजे होकारानंतरची हालचाल. केटररचे दर विचारले गेले का, कोणी तारीख पक्की करायला मागे लागलं का? पटलेल्या बेताबद्दल माणूस आपण होऊन काहीतरी विचारतं. मान तुकवून मान्य केलेल्या बेताबद्दल आठवडाभर तिकडून एक अक्षर येत नाही. विचारलं की मात्र लगेच ‘हो हो, आहे लक्षात’.

आता थोरल्याने विचारायचं कसं ते पाहू. ग्रुपवर नको. तिथे दिलेलं उत्तर नणंद आणि जाऊही वाचतात. ग्रुपवर मतदान टाकणं सोयीचं वाटतं, पण कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं, म्हणजे अडचण जिथल्या तिथेच. त्याने तिला वेगळा निरोप पाठवावा आणि त्याला नुसतं ‘हो’ हे उत्तरच होऊ नये. समजा त्याने लिहिलं: ‘आदल्या दिवशी आम्ही नऊजण आलो तर कोण कुठे झोपेल, सकाळी अंघोळींचं कसं जमेल, ते तू एकदा सांग. मी अजून कोणाला येण्याचं पक्कं कळवलेलं नाही. जवळ लॉज मिळतो का तेही बघतोय.’ या निरोपाने तीन गोष्टी साधतात. तिला बेत स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो. अजून काही ठरलेलं नाही हे कळल्यामुळे नाही म्हटल्याने कोणाचा विरस होत नाही. आणि लॉजचा विषय त्यानेच काढलेला असल्यामुळे ‘पाहुण्यांना बाहेर काढलं’ हा बोल तिच्यावर येत नाही.

‘नाहीतर लॉज घेऊ का?’ एवढंच विचारलं असतं तर? तिने ‘नाही नाही, घरीच या’ म्हटलं असतं. तोही प्रश्न ‘हो-नाही’चाच, फक्त इथे ‘नाही’ म्हणणं शिष्टाचाराचं.

असं समजू की तिचं उत्तर रात्री अकराला येतं, निरोप मिळाल्यावर सहा तासांनी. ‘दादा, तुम्ही सगळे आलात तर आईंना खूप बरं वाटेल. पण पाणी सकाळी तासभरच येतं. आईंना रात्री दोनतीनदा उठावं लागतं, बाहेरच्या खोलीत अंथरुणं घातली तर त्यांना वाट राहणार नाही. ताई आणि मुली घरी राहतील, बाकीचे लॉजवर झोपले तर जमेल. जेवायला मात्र सगळे इथेच. आणि कार्यक्रम हॉलवरच करू या, घरी शंभर माणसं नको.’ दिवसभरातलं सगळ्यात उशिरा आलेलं उत्तर हेच, आणि पहिला खरा होकारही हाच. त्यात एक नकार आहे, एक अट आहे आणि एका गोष्टीला मनापासून हो आहे.

एवढं नीट विचारूनही ‘काही नाही हो दादा, सगळे घरीच या, मी करते सोय’ असंच उत्तर आलं तर? कदाचित तिला खरंच तसंच हवं असेल. घर भरलेलं आवडणारी माणसं असतात. कदाचित नसेलही, आणि ते थोरल्याला कळण्याचा मार्ग या निरोपांत नाही. इथे थांबावं, कारण तिसऱ्यांदा ‘खरंच ना?’ विचारलं की आता दादांची समजूत काढणं हेही तिचंच काम होऊन बसतं. त्याने लॉजवर दोन खोल्या आपण होऊन घ्याव्यात, पाण्याचा टँकर सांगावा, नाश्त्याची ऑर्डर द्यावी आणि ग्रुपवर कळवून टाकावं. त्या निरोपालाही बहुधा मिनिटाच्या आत ‘हो दादा’ येईल. यावेळी तो कोणत्या प्रकारचा आहे याने फारसं बिघडणार नाही.